जुना मालक उत्तर देत नाही, म्हणजे नोकरी गेली का?

सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात, सुताच्या पेढीवर किंवा एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात हिशेब सांभाळून पुण्याला जाणारी मुले दर वर्षी शेकड्यांनी असतात. पुण्यात मोठ्या कंपनीचे ऑफर लेटर हातात पडते आणि मग रिक्रूटरचा मेल येतो: 'आपली पार्श्वभूमी पडताळणी रखडली आहे. आधीच्या कंपनीकडून प्रतिसाद नाही.' घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. वडील म्हणतात, शेठजींना जाऊन भेट. मित्र म्हणतो, माझा नंबर एचआर म्हणून दे, मी बोलतो. दोघांचाही हेतू चांगला असतो, पण मित्राचा सल्ला घातक आहे.

पहिला गैरसमज असा, की प्रतिसाद न मिळणे म्हणजे अहवालात लाल शेरा. पडताळणी करणाऱ्या संस्थांच्या कामात दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. उमेदवाराने सांगितलेली तारीख, हुद्दा किंवा पगार जुन्या कंपनीच्या नोंदीशी जुळला नाही, तर ती तफावत. जुनी कंपनी बोललीच नाही, तर 'पडताळता आले नाही'. दुसऱ्या शेऱ्यात उमेदवाराविरुद्ध काहीच सिद्ध झालेले नसते. त्यापुढे काय करायचे हे पडताळणी संस्था ठरवत नाही, नेमणूक करणारी कंपनी ठरवते. बऱ्याच कंपन्या अशा वेळी पर्यायी कागद मागतात.

उत्तर न येण्यामागे रागलोभ असेलच असेही नाही. पडताळणी संस्थेचा बंगळुरूहून आलेला मेल कारखान्याच्या जुन्या, कोणी न उघडणाऱ्या खात्यात पडून असतो. अनोळखी नंबरचा फोन शेठ उचलत नाहीत. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली असते, तेव्हा सोलापुरातून तातडीच्या उत्तराची अपेक्षा करणाऱ्याला सोलापूर माहीत नाही एवढेच म्हणता येईल. शिवाय खासगी संस्थेच्या अशा मेलला उत्तर दिलेच पाहिजे, असे बंधन जुन्या मालकावर नसते. म्हणून 'वकिलाची नोटीस पाठवतो' या धमकीने फारसे काही साधत नाही.

मित्राचा नंबर देण्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. पडताळणी करणारे उमेदवाराने दिलेल्या नंबरवर थांबत नाहीत. ते कंपनीचा नंबर स्वतंत्रपणे शोधतात, कार्यालयीन ईमेल मागतात, कंपनीची सरकारी नोंदणी पाहतात. खोटा एचआर उघडकीस आला, की 'पडताळता आले नाही' हा निरुपद्रवी शेरा फसवणुकीच्या शेऱ्यात बदलतो. लहान पेढीकडे खरोखरच फक्त जीमेलचा पत्ता असेल, तर तसे आधीच लिहावे आणि सोबत पेढीचा जीएसटी क्रमांक द्यावा. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला, की पेढीचे कायदेशीर नाव आणि ठिकाण कोणालाही दिसते.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: जुना मालक बोलला नाही, तर पुरावाच नाही. खरे तर मालकाने त्या काळातच सरकारकडे उत्तर देऊन ठेवलेले असते. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात महिन्याचे पैसे त्यानेच भरले, रुजू झाल्याची तारीख त्यानेच नोंदवली. यूएएन हा बारा आकडी क्रमांक 2014 पासून आहे. सदस्य पोर्टलवरच्या सेवा इतिहासात प्रत्येक आस्थापनेचे नाव आणि तारखा दिसतात, तर पासबुकात महिनावार भरणा.

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी हेच तत्त्व सरकारला स्वीकारावे लागले. गिरण्या बंद पडलेल्या, कचेऱ्यांना टाळे, मग अमुक माणूस 1 जानेवारी 1982 नंतर कामावर होता हे सांगणार कोण? तेव्हा म्हाडाच्या पात्रता तपासणीत तिकीट क्रमांक, हजेरीपत्रक, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयचे क्रमांक असे कागद ग्राह्य धरले गेले. सोलापुरातही लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या बंद झाल्या आहेत. मालक नाहीसा झाला तरी त्याच्या नोंदी उरतात.

पण या नोंदी आपल्या कथनाशी जुळतात का, हे पाठवण्याआधी पाहावे लागते. एक उदाहरण घेऊ. समजा, एका तरुणाने चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जून 2021 ते 31 मे 2023 या काळात महिना 18,000 रुपयांवर काम केले आणि जुलै 2023 पासून तो पुण्यात आहे. त्याचा निधी मात्र सप्टेंबर 2021 पासून भरला गेला, कारण पहिले तीन महिने त्याला 'ट्रायल'वर ठेवले होते. सोडल्याची तारीख मालकाने टाकलीच नाही. अहवालात आता दोन प्रश्न उभे राहतात: तीन महिने वाढवून सांगितले का, आणि एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्या का?

दुसऱ्याचा उपाय सोपा आहे. नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर सदस्याला स्वतःच पोर्टलवर सोडल्याची तारीख नोंदवता येते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो आणि ज्या महिन्याचा शेवटचा भरणा झाला त्याच महिन्यातली तारीख टाकावी लागते. पहिल्या प्रश्नासाठी नेमणूकपत्र आणि जून, जुलै, ऑगस्टचे पगार जमा झालेले बँकेचे पान पुरते. ईएसआयची नोंदणी त्याच जूनमध्ये झाली असेल, तर ई-पहचान कार्डही जोडावे.

प्राप्तिकराच्या 26एएस फॉर्मवर अनेकांचा भरवसा असतो. तिथे मालकाचे नाव दिसते ते टीडीएस कापला असेल तरच. वर्षाला 2,16,000 रुपये मिळवणाऱ्या या तरुणाचा कर कापलाच गेला नसेल, तर ते पान कोरे असेल. कोऱ्या पानाने संशयच वाढायचा, ते न पाठवलेलेच बरे. निधीच्या नोंदीलाही मर्यादा आहे: हुद्दा आणि सोडण्याचे कारण त्यातून सिद्ध होत नाही. वीसपेक्षा कमी माणसांच्या पेढीला निधीचा कायदा सहसा लागूही होत नाही. पगार रोखीत मिळाला असेल तर प्रश्न खरोखर अवघड होतो. मग नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि जुन्या व्यवस्थापकाचे सही-शिक्क्याचे पत्र एवढेच उरते.

रिक्रूटरला सगळे कळलेले असते, हाही एक समज. त्याच्या पडद्यावर बहुधा फक्त 'प्रलंबित' दिसते, तपशील पडताळणी करणाऱ्यांकडे असतो. म्हणून उत्तर असे लिहावे, की ते त्याला जसेच्या तसे पुढे पाठवता येईल. इंग्रजीत लिहायचे असले तरी आशय असा असावा:

'आपला मेल मिळाला. माझी या कारखान्यातील नोकरी 1 जून 2021 ते 31 मे 2023 अशी होती. कारखान्याच्या कार्यालयाशी मी आज संपर्क साधला असून तेथील व्यवस्थापकांचा थेट नंबर व कार्यालयाचा पत्ता खाली देत आहे. सोबत नेमणूकपत्र, निधीचा सेवा इतिहास व पासबुक आणि पगार जमा झाल्याचे बँक विवरण जोडले आहे. निधीचा भरणा सप्टेंबर 2021 पासून दिसतो. आधीच्या तीन महिन्यांसाठी बँक विवरण पाहावे. आतापर्यंत कोणत्या पत्त्यावर संपर्क झाला, हे कागद पुरेसे आहेत का आणि रुजू होण्याच्या तारखेवर परिणाम होईल का, हे कृपया कळवावे.'

यात गयावया नाही, जुन्या मालकाची तक्रारही नाही. भरण्यातली तीन महिन्यांची फट उमेदवाराने स्वतःहून सांगितली आहे, त्यामुळे ती तफावत म्हणून कुणाला शोधून काढावी लागत नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र लेखी येईपर्यंत हातातल्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. पडताळणी समाधानकारक न झाल्यास ऑफर मागे घेण्याची अट अनेक ऑफर लेटरांत असते.

आणि जे सध्या नोकरीत आहेत त्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या आणि नेमणूकपत्र आजच स्वतःच्या मेलवर घ्यावे. कंपनीचे लॉगिन शेवटच्या दिवशी बंद होते.