विश्लेषण : ब्राह्मी वाचता आली, मग सिंधू लिपी का नाही?

सिंधू लिपी उलगडणाऱ्यास तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते जिंकणे किती अवघड आहे, हे ब्राह्मीच्या उलगड्यावरून समजते.

चिन्हे मोजून काय कळते?

कोलकात्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी १८३४ मध्ये अलाहाबाद स्तंभावरील चिन्हांचा तक्ता केला. मोजकीच मूळ चिन्हे ठरावीक जागी छोट्या रेघा घेऊन पुन्हा पुन्हा येत होती. म्हणजे देवनागरीप्रमाणेच ही व्यंजने आणि त्यांच्या काना-मात्रा असणार. लिपीचा प्रकार कळला, उच्चार मात्र एकही कळला नाही.

मग उच्चार कसे मिळाले?

एक धागा नाण्याने दिला. ग्रीक राजा अगाथोक्लिसच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी मजकूर होता. भाषा बदलली तरी नावाचा उच्चार साधारण तोच राहतो. त्या आधारे ख्रिश्चन लासेन यांनी १८३६ मध्ये ब्राह्मीतील नाव वाचले.

दुसरा धागा सांचीत सापडला. स्तूपाच्या कठड्यावरील छोट्या लेखांचे ठसे प्रिन्सेप यांच्याकडे १८३७ मध्ये आले. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती. देवळाच्या पायरीवर किंवा खांबावर देणगीदाराचे नाव कोरण्याची पद्धत त्यांना ठाऊक होती. त्यामुळे हा शब्द ‘दानं’ असावा, असा त्यांनी तर्क केला. पहिल्या अक्षराला काना आणि दुसऱ्याला अनुस्वार, हे चिन्हांशी जुळले. त्याआधी येणारे अक्षर ‘स’, म्हणजे प्राकृतातील ‘चा-ची-चे’. ‘अमक्याचे दान’ असा अर्थ लागला आणि द, न हाती आले.

तर्क बरोबर कशावरून?

हीच अक्षरे न बदलता दुसरीकडे लावून पाहिली. दिल्लीच्या स्तंभावर ‘देवानंपिय पियदसि’ असे अर्थपूर्ण शब्द उमटले. खरी कसोटी हीच.

सिंधू लिपीत अडचण कुठे?

इरावतम महादेवन यांच्या १९७७ च्या सूचीत ४१७ चिन्हे आहेत. एवढी चिन्हे केवळ वर्णमालेला लागत नाहीत. त्यामुळे काही चिन्हे अख्खे शब्द दाखवत असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सांचीसारखी पुनरावृत्ती इथेही आहे. घड्यासारखे एक चिन्ह वारंवार लेखाच्या शेवटी येते. ते प्रत्यय असू शकते, पदवी असू शकते किंवा आणखी काही. सांचीत ‘दानं’ सुचले, कारण खालची भाषा ओळखीची होती. इथे भाषा माहीत नाही, द्वैभाषिक लेख नाही आणि सरासरी लेख जेमतेम पाच चिन्हांचा आहे. इतक्या छोट्या मजकुरात अनेक परस्परविरोधी वाचने बसवता येतात.

म्हणून नवा दावा वाचनात आला, की एकच गोष्ट तपासावी : एका मुद्रेवर चिन्हाला दिलेला उच्चार पुढच्या मुद्रेवर तोच राहतो, की सोयीप्रमाणे बदलतो?