आधी अंग सरळ, मग जोर

मुलगा सातवी-आठवीत गेला की घरात दोन सल्ले एकदमच येऊ लागतात. पहिला: एवढ्यात जोर-बैठका नकोत, उंची खुंटेल. दुसरा: रोज बारला लटकत जा, उंची वाढेल. अनेकदा दोन्ही सल्ले एकाच काकांचे असतात. व्यायामाने हाडे आखडतात आणि व्यायामाने ती ताणलीही जातात, या दोन्ही गोष्टी ते सारख्याच खात्रीने सांगतात. खरे तर दोन्ही चूक आहेत, पण चुकीची कारणे वेगवेगळी आहेत.

लटकण्याचे प्रकरण सोपे आहे. पाठीच्या मणक्यांमध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ चकत्या असतात. दिवसभर उभे राहून, बसून त्या दबतात आणि रात्री आडवे झाल्यावर पुन्हा फुगतात. त्यामुळे प्रत्येक माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो. लटकल्याने मिळणारी उंचीही याच जातीची, तासाभरात ओसरणारी. बारला लटकल्याने पंजाची पकड आणि खांदे मजबूत होतात. तेवढ्यासाठी जरूर लटकावे.

उंची खुंटण्याच्या भीतीला मात्र एक आधार आहे, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथेच वाढते. वयात येण्याच्या शेवटी, मुलींमध्ये थोडे आधी आणि मुलांमध्ये थोडे उशिरा, हा थर हाडात मिसळून जातो आणि उंची थांबते. तोपर्यंत तो भोवतालच्या हाडापेक्षा कमकुवत असतो. मोठ्या माणसाचा जिथे सांधा मुरगळेल, तिथे मुलाची ग्रोथ प्लेट दुखावू शकते. मात्र अशा दुखापती बहुधा पडण्या-आपटण्यातून आणि खेळातल्या धडकेतून होतात. वजने उचलताना झालेल्या ज्या थोड्या घटनांची वैद्यकीय नोंद आहे, त्यांत बहुतेक वेळा कोणाची देखरेख नसताना डोक्यावर जड वजन ढकलण्याचा प्रयत्न झाला होता. आणि उंची कशाने बनते? पाय, कणा आणि डोके यांनी. मनगटाची प्लेट दुखावली तर हात आखूड राहण्याचा धोका असतो आणि तो गंभीरच आहे, पण त्याचा उंचीशी संबंध नाही.

मग ही समजूत इतकी पक्की कशी झाली? १९६०च्या दशकात जपानच्या दुर्गम भागातल्या, कष्टाची कामे करणाऱ्या मुलांची उंची कमी असल्याचे तिथल्या संशोधकांनी नोंदवले. ते निरीक्षण पुढे अनेकांनी पुराव्यासारखे वापरले. पण जिथे मुलांना ओझी वाहावी लागतात, तिथे पोटभर जेवण आणि पुरेशी झोपही दुर्मीळ असते. खुंटलेल्या उंचीचे श्रेय एकट्या ओझ्याला देता येत नाही. दुसरा पुरावा म्हणून जिम्नॅस्टकडे बोट दाखवले जाते. सिमोन बाइल्सची उंची १४२ सेंटिमीटरच्या आसपास आहे, हे खरे. पण बुटक्या, हलक्या शरीराला हवेत गिरकी घेणे सोपे जाते, म्हणून अशीच मुले त्या खेळात टिकतात. रॉबर्ट मलिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. जिम्नॅस्टिक्सच्या सरावाने प्रौढ वयातली उंची कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. बास्केटबॉल खेळून कोणी उंच होत नाही, उंच मुले बास्केटबॉलकडे वळतात, तसाच हा प्रकार.

२०१४ साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन मुलांच्या ताकदीच्या व्यायामावर एक संयुक्त निवेदन काढले. जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेला असा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आहे, असा त्याचा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत तर पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणाऱ्या हालचाली सुचवल्या आहेत.

प्रश्न उरतो तो पद्धतीचा, आणि आपल्याकडे गाडी नेमकी इथेच अडते. तालमीत आणि शाळेच्या मैदानावरही मोजला जातो तो आकडा. शंभर जोर, दोनशे बैठका. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार नेले, ते मोठे काम होते. पण त्याच सूर्यनमस्कारांच्या शाळाशाळांत स्पर्धा लागतात तेव्हा साष्टांग स्थितीत किती मुले छाती सावकाश खाली नेतात आणि किती नुसती धपकन पडतात, हे पाहण्यासारखे असते.

वयात येण्यापूर्वी मुलाची ताकद वाढते, पण दंड फुगत नाहीत. ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेतली असते. कोणते स्नायू, कधी, किती एकत्र आकसायचे, हे मेंदू शिकत असतो. म्हणून या वयात व्यायामाची पद्धत हाच व्यायामाचा गाभा. वाकड्या अंगाने पन्नास जोर काढणारे मूल वाकडे अंगच पक्के करत असते.

आता जोर किंवा पुश-अप हा एकच व्यायाम घेऊन पायऱ्या पाहू. तालमीतला झोकदार जोर, ज्यात कंबर वर नेऊन छाती जमिनीलगत पुढे सरकवतात, तो सध्या बाजूला ठेवू. त्यात कंबरेला मागे बाक येतो आणि खांदा मोठ्या फेऱ्यातून फिरतो. त्याची पाळी साधा पुश-अप स्वच्छ झाल्यावर.

पुश-अपचे वजन हाताखालच्या उंचीने कमी-जास्त करता येते, ही त्याची मोठी सोय. जमिनीवरच्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार येतो. हात ३० सेंटिमीटर उंच ठेवले तर सुमारे ५५ टक्के, ६० सेंटिमीटर उंच ठेवले तर सुमारे ४१ टक्के. समजा, आठवीतला तेरा वर्षांचा एक मुलगा आहे, वजन ४५ किलो. ६० सेंटिमीटरच्या कठड्यावर तो साधारण १८ किलो ढकलतो, ३० सेंटिमीटरच्या पायरीवर २५ किलो आणि जमिनीवर २९ किलो. घरातला कठडा, पलंगाची कड, जिन्याची पायरी, एवढ्यावर त्याची व्यायामशाळा उभी राहते. फक्त ज्यावर हात टेकायचे ते हलता कामा नये. चाकांचे टेबल आणि प्लॅस्टिकची खुर्ची अजिबात नको.

तो कठड्यापासून सुरुवात करतो. हात खांद्यांपेक्षा किंचित रुंद, कोपरे अंगापासून साधारण ४५ अंशांत, डोक्यापासून टाचेपर्यंत एक सरळ रेषा. तीन आकडे मोजत खाली, छाती कठड्याला जेमतेम लागली की क्षणभर थांबणे, मग वर. सरळ रेषा तपासायला घरातली काठी पुरते. ती पाठीवर लांब ठेवली की डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाडाच्या वरचा भाग या तिन्ही ठिकाणी टेकली पाहिजे. खाली-वर होताना यांपैकी एक जागा सुटली की तो पुश-अप मोजायचा नाही. बहुतेकदा आधी कंबर लोंबते. त्यानंतर हनुवटी पुढे येते आणि खांदे कानांकडे सरकतात. अंग असे मोडू लागले की फेरी तिथेच संपली, ठरवलेला आकडा गाठायचा नाही.

पहिल्या दिवशी आठ-आठच्या दोन फेऱ्या पुरेत, आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. दहा-दहाच्या तीन फेऱ्या लागोपाठ दोन दिवस काठी न हलता झाल्या की एक पायरी खाली उतरायचे. काही मुले जमिनीवर पोचायला दोन महिने घेतात, काही सहा. दोन्ही ठीक. जमिनीवरही तेवढ्याच फेऱ्या स्वच्छ झाल्या की पाय ३० सेंटिमीटरच्या पायरीवर ठेवायचे. मग भार सुमारे ७० टक्क्यांवर जातो.

गुडघे टेकून केलेला पुश-अप या मालिकेत मुद्दामच नाही. त्यात धड अर्धेच धरावे लागते, त्यामुळे कंबर सरळ ठेवण्याचा सराव होत नाही. आणि आणखी एक कारण गुडघ्यातच आहे. त्याकडे येऊच.

साधारणपणे मुलींची उंची बाराच्या आसपास आणि मुलांची चौदाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. त्या काळात मुले वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकतात. आपल्या या मुलाची उंची तीन महिन्यांत तीन सेंटिमीटर वाढली, वजन ४८ किलो झाले आणि जमिनीवर दहा पुश-अप काढणारा मुलगा सहाव्यालाच कंबर सोडू लागला, असे समजा. आईवडिलांना वाटते, आळशी झाला. प्रत्यक्षात त्याचे हात लांबले आहेत, छाती जमिनीपर्यंत नेण्याचे अंतर वाढले आहे, वजनही वाढले आहे आणि मेंदूला या नव्या मापांची अजून सवय व्हायची आहे. उपाय एवढाच की पुन्हा ३० सेंटिमीटरच्या पायरीवर यायचे आणि तिथून परत जमिनीकडे उतरायचे. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी उंचीची खूण केली तर हे आधीच ओळखता येते. दोन सेंटिमीटरहून अधिक वाढ दिसली की उड्या आणि बैठका कमी करायच्या.

बैठका का, तर गुडघ्यामुळे. वाटीखालून येणारा जाड पट्टा नडगीच्या हाडाला पुढच्या बाजूला चिकटतो, आणि तिथेही वाढीची कूर्चा असते. भराभर उंची वाढण्याच्या काळात उड्या, धावणे आणि शेकडो बैठका यांनी तो पट्टा तिथे वारंवार ओढ देतो. मग वाटीच्या खाली हाताला लागणारे, दाबल्यावर दुखणारे टेंगूळ येते. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. खो-खो, फुटबॉल खेळणाऱ्या मुलांत ते दिसते आणि गुडघे टेकले की नेमके तेच टेंगूळ चेपले जाते. म्हणूनच गुडघ्यांवरचा पुश-अप नको. बहुतेक मुलांत वाढ संपल्यावर हे दुखणे थांबते, टेंगूळ मात्र राहू शकते. तोवर बैठका खुर्चीवर टेकेपर्यंतच, सावकाश, दहा-बारा. पुश-अप पूर्वीसारखेच चालू ठेवता येतात.

मनगटाचेही तसेच. हातांवर उभे राहण्याचा भरपूर सराव करणाऱ्या जिम्नॅस्ट मुलांत मनगटाची ग्रोथ प्लेट दुखावते, हे डॉक्टरांना चांगले माहीत आहे. मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या मुलाचे मनगट हात टेकल्यावर आठवडाभर दुखत असेल तर हातांवरचे व्यायाम थांबवून तपासणी करून घ्यावी. कंबर मागे वाकवल्यावर एकाच बाजूला दुखत राहिले तर मणक्यातल्या बारीक भेगेची शक्यता तपासावी लागते.

एका दुखण्याबाबत मात्र थांबून पाहण्याची मुभा नाही. दहा ते सोळा वर्षांचे मूल लंगडत असेल, गुडघा किंवा जांघ दुखत असेल आणि चालताना पाऊल बाहेर वळत असेल, तर दोष गुडघ्यात नसून खुब्यात असू शकतो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक ग्रोथ प्लेटवरून सरकलेले असते आणि गुडघ्याचा एक्स-रे मात्र निर्दोष येतो. वजन जास्त असलेल्या मुलांत हे अधिक आढळते. अशा मुलाला चालवत न नेता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढण्याविषयी स्वतःहून विचारावे.