नफा वहीत, पैसा उधारीत

समजा, एका घाऊक हार्डवेअर व्यापाऱ्याला वर्षात १२ लाख नफा झाला. तरी पगाराच्या दिवशी खात्यात खडखडाट. पैसा गेला कुठे?

रोकड प्रवाह पत्रक वरून खाली वाचावे. नफ्यात आधी २ लाख घसारा परत मिळवतात, कारण त्यापायी पैसा बाहेर गेलेलाच नसतो. मग वजाबाकी: गिऱ्हाइकांची उधारी १८ लाखांनी वाढली, गोदामातला माल ९ लाखांनी. पुरवठादारांचे देणे ५ लाखांनी वाढले, तेवढाच दिलासा. बेरीज उणे ८ लाख!

विक्री बिल फाडताच नोंदली जाते, वसुली मात्र सवडीने होते. त्यामुळे धंदा वाढला की चणचणही वाढते. पत्रकाच्या शेवटच्या भागात बँकेचे कॅश क्रेडिट नेमके ८ लाखांनी फुगलेले दिसते, आणि त्यावर व्याज चढत असते.