परोक्ष आघात आणि सहवेदनेचा थकवा: सुपरव्हिजन नेमकं कशापासून वाचवतं?

समुपदेशकांवर संशोधन करायचं म्हटलं की बरेच जण सिनॉप्सिसमध्ये 'परोक्ष आघात' आणि 'सहवेदनेचा थकवा' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात. पुढे प्रश्नावली चुकते ती इथेच. म्हणून आधी एक कल्पित उदाहरण घेऊ.

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसून हिंसाचारग्रस्त बायकांसोबत काम करू लागल्या. समजा, असंच काम मुळशी तालुक्यात पौडच्या परिसरात एक ताई करतात. रोज दोन-तीन बायकांचं सगळं ऐकायचं, अंगावरचे वळ पाहायचे, तक्रार लिहायला मदत करायची.

वर्षभराने ताईंमध्ये दोन प्रकारचे बदल दिसतात. पहिला असा की कोणीतरी सांगितलेला प्रसंग एसटीत बसल्यावरही डोळ्यांसमोर येतो, झोप तुटते, आणि नवीन बाई दारात दिसली की "आता अजून एक" असं मनात येतं. ऐकून घ्यायची ताकदच संपत चाललेली असते. हा सहवेदनेचा थकवा. चार्ल्स फिग्ली यांनी १९९५ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. तो लवकर येऊ शकतो आणि वेळेवर लक्ष दिलं तर कमीही होतो.

दुसरा बदल सहज दिसत नाही. ताई मुलीला शेजारच्या काकांकडे पाठवणं बंद करतात. नवऱ्याचा आवाज जरा चढला तरी सावध होतात. "कुठलंच घर सुरक्षित नसतं" हे त्यांना आता अगदी उघड सत्य वाटतं. इथे जगाकडे पाहण्याची चौकटच बदललेली आहे. मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये याला परोक्ष आघात म्हटलं. सुरक्षितता, विश्वास, जवळीक, स्वतःची किंमत आणि परिस्थितीवरचा ताबा, याबद्दलच्या समजुती हळूहळू सरकतात. आठ दिवसांची रजा घेऊन त्या जागेवर येत नाहीत.

आता मोजमापाकडे येऊ. सर्रास वापरली जाणारी 'प्रोफेशनल क्वालिटी ऑफ लाइफ' ही मापनश्रेणी ३० विधानांची आहे आणि गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते. तिच्यात समाधान, बर्नआउट आणि दुय्यम आघाताचा ताण असे तीन वेगळे गुण मिळतात. त्यांची एकत्र बेरीज करायची नसते. पण समजुती बदलल्या का, हे ती मोजत नाही. म्हणजे ताईंची झोप सुधारली की गुण खाली येतील, आणि मुलीवरची बंदी मात्र तशीच राहील. तुम्ही लिहाल, "परोक्ष आघात आढळला नाही." त्यासाठी समजुतींची वेगळी श्रेणी किंवा सखोल मुलाखत लागते.

मग सुपरव्हिजनचं काय? "या महिन्यात किती केसेस आल्या, किती मिटल्या" ही आढावा बैठक झाली, सुपरव्हिजन नव्हे. खऱ्या सत्रात सुपरव्हायझर विचारतील, "कोणत्या बाईचं कोणतं वाक्य तुमच्यासोबत घरी आलं?" त्या प्रसंगाचे सगळे तपशील पुन्हा उगाळायला लावणार नाहीत, नाहीतर तोच भार त्यांच्यावरही येतो. मग ते काकांपर्यंत पोहोचतील: ही भीती त्या केसमधून आली, की या काकांच्या वागण्यात खरंच काही दिसलं? ताईंची समजूत अशी उघड्यावर येते आणि तपासता येते. शेवटी, पुढच्या आठवड्यात तशाच किती केसेस घ्यायच्या हे दोघं मिळून ठरवतात. सुपरव्हायझरच गोपनीय अहवाल लिहिणारे साहेब असतील, तर ताई काकांचा विषय काढणारच नाहीत.

इथे एक अडचणीचा निष्कर्ष माहीत असू द्या. बोबर आणि रेगेहर यांनी २००६ मध्ये २५९ थेरपिस्टांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुपरव्हिजनसारख्या उपायांना दिलेल्या वेळेचा आणि आघाताच्या गुणांचा त्यात संबंध दिसला नाही. आघातग्रस्तांसोबत आठवड्याला किती तास काम होतं, याचा मात्र दिसला. म्हणजे सुपरव्हिजन निरुपयोगी का? तसं म्हणता येत नाही. तिथे वेळ मोजला होता, सत्रात काय घडलं ते नाही. शिवाय एकाच वेळी घेतलेल्या माहितीतून कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. जास्त त्रास असलेली व्यक्तीच जास्त सुपरव्हिजन घेत असेल, तर खरा फायदा आकड्यात लपून जातो.

पण इशारा खरा आहे. केसेसचा भार तोच ठेवून महिन्याला एक तास बोलायला दिला, तर त्या तासाकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नावलीत "सुपरव्हिजन मिळतं का? हो/नाही" एवढ्यावर थांबू नका. कोण देतं, त्यांच्या हातात तुमचा अहवाल असतो का, स्वतःवर झालेल्या परिणामाबद्दल बोलता येतं का, आणि बोलल्यावर केसेसची वाटणी कधी बदलली का, हे विचारा. सोबत आठवड्याचे तासही घ्या. नाहीतर सुपरव्हिजनचा परिणाम कोणता आणि कमी कामाचा कोणता, हे तुम्हाला शेवटपर्यंत वेगळं काढता येणार नाही.