जुन्या फोटोत नवी व्यक्ती बसवताना

1980 च्या सुमाराचा रंगीत कौटुंबिक फोटो, पोस्टकार्डाएवढा, 600 डीपीआयवर स्कॅन केलेला. आजोबांच्या शेजारी थोडी जागा मोकळी आहे आणि तिथे त्यांनी कधीच न पाहिलेली नात मोबाइलच्या फोटोतून आणून बसवायची आहे. कापणी कितीही नीट केली, तरी नात चिकटवल्यासारखी दिसते. याची कारणे तीन: तिच्या कडा जास्त धारदार असतात, तिचे रंग ताजे असतात आणि तिच्या अंगावर फिल्मचा ग्रेन नसतो. दुरुस्ती याच क्रमाने करावी लागते. ग्रेन आधी घालून नंतर चित्र मऊ केले, तर घातलेला ग्रेनही पुसला जातो.

नातीचे चित्र आधी योग्य आकाराला आणावे, कारण लहान करताना कडा आणखी धारदार होतात. मग जुन्या फोटोत आजोबांच्याच अंतरावरची एखादी ठसठशीत कड शोधावी, उदाहरणार्थ गडद कोटावरची पांढरी कॉलर. शंभर टक्क्यांहून मोठे करून पाहिले की पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जायला किती पिक्सेल लागतात ते मोजता येते. जुन्या फोटोत पाच आणि नातीच्या फ्रॉकच्या कडेला दोन लागत असतील, तर Gaussian Blur साधारण 1.8 पिक्सेलचा द्यावा. कापलेल्या बाह्यरेषेलाही तेवढाच मऊपणा हवा. बहुतेक जण चेहरा मऊ करतात आणि रेषा तशीच ठेवतात. चोरी तिथेच पकडली जाते.

रंगाचे काम सर्वांत फसवे असते. त्या काळातल्या अनेक रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा, म्हणजे सायन रंग अंधारात ठेवूनही इतर रंगांच्या आधी उडतो. हा रंग लाल प्रकाश शोषणारा असल्याने तो कमी झाला की काळे भाग तांबूस दिसू लागतात. कागद जुना झाला की पांढरे भाग मात्र पिवळट पडतात. म्हणजे सावलीतली झाक वेगळी आणि उजेडातली वेगळी. संपूर्ण नातीवर एकच तांबूस थर चढवून भागत नाही.

त्यासाठी जुन्या फोटोतल्या सर्वांत काळ्या आणि सर्वांत पांढऱ्या जागेचे आकडे घ्यावेत. समजा, केसांत लाल 58, हिरवा 34, निळा 36 आणि धोतरावर 244, 232, 204 असे आकडे मिळाले. मोबाइलच्या फोटोत हेच केस 12 च्या आसपास आणि पांढरा फ्रॉक 250 च्या आसपास असतो. Curves मध्ये प्रत्येक रंगाची वाहिनी स्वतंत्र उघडून तिची दोन्ही टोके जुन्या आकड्यांवर आणून ठेवावीत. नंतर मधल्या उजेडासाठी सिमेंटची भिंत किंवा राखाडी विजार यांच्याशी ताडून पाहावे. मूळ फोटोचे उडालेले रंग सुधारायचे असतील, तर ते काम आधी उरकावे, नाहीतर जुळवणी दुसऱ्यांदा करावी लागते.

शेवटी ग्रेन. रंगीत फिल्ममध्ये तो रंगांच्या सूक्ष्म ढगांचा असतो. वेगवेगळ्या थरांत तो वेगळा पडतो आणि स्कॅनमध्ये एक ठिपका दोन-तीन पिक्सेल व्यापतो. मोबाइलची खरखर मात्र एकेका पिक्सेलची असते, म्हणून ती आधी काढून टाकावी. मग नातीपुरताच मर्यादित असा मध्यम राखाडी थर तयार करून तो Overlay वर ठेवावा. त्यावर Add Noise मधून Gaussian प्रकारचा, Monochromatic ची खूण काढलेला नॉइज घालावा आणि अर्धा-पाऊण पिक्सेल मऊ करावा. Overlay मुळे ग्रेन मधल्या उजेडात ठळक राहतो आणि अगदी काळ्या-पांढऱ्या भागांत विरतो. प्रिंटमध्येही तो साधारण असाच दिसतो. प्रमाण डोळ्यांनी ठरवू नये. जुन्या भिंतीचा आणि नातीच्या फ्रॉकचा, सारख्याच उजेडाचा सपाट तुकडा निवडून Histogram मधला Std Dev हा आकडा दोन्हीकडे पाहावा. तो जुळला की पुरे.

खरी तपासणी एकेका वाहिनीत होते. लाल, हिरवी आणि निळी वाहिनी वेगवेगळी, कृष्णधवल पाहिली की एकत्र चित्रात दडलेला फरक वर येतो. विशेषतः निळ्या वाहिनीत जुना फोटो बराच खरखरीत आणि नात गुळगुळीत, असा प्रकार हमखास आढळतो. तसे असेल तर त्या वाहिनीपुरता नॉइज वाढवावा.

या सगळ्यातून एक गोष्ट मात्र सुधारत नाही, ती म्हणजे प्रकाशाची दिशा. जुन्या फोटोत समोरून फ्लॅश पडून मागच्या भिंतीवर कडक सावली उमटली असेल आणि नातीच्या चेहऱ्यावर खिडकीचा बाजूचा उजेड असेल, तर ग्रेन कितीही जुळवला तरी जोड उघडा पडतो. अशा वेळी तो फोटो सोडून द्यावा आणि नातीचा समोरून फ्लॅश मारून नवा फोटो काढावा.