शिक्षक स्वतःच संशोधक असतो तेव्हा

वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाने आपल्याच अडचणीचा पद्धतशीर शोध घ्यायचा, उपाय करून पाहायचा आणि परिणाम नोंदवायचा, याला कृतिसंशोधन म्हणतात. ही कल्पना मांडली ती कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये. स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या आपल्या पुस्तकातून ती अमेरिकेतल्या शाळांपर्यंत पोहोचवली. महाराष्ट्रात बी.एड. आणि डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांना कृतिसंशोधन अभ्यासाचा भाग म्हणून करावे लागते, त्यामुळे पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी आणि ‘उपक्रम यशस्वी झाला’ असा निष्कर्ष, हा साचा इथल्या शिक्षकांना चांगला परिचित आहे. प्रश्न त्या शेवटच्या वाक्याचा आहे. उपक्रम आखणारा, शिकवणारा, गुण देणारा आणि निकाल सांगणारा माणूस एकच असेल, तर ते वाक्य कशाच्या बळावर मान्य करायचे?

समजा, चौथीच्या चाळीस मुलांच्या वर्गात हातच्याची वजाबाकी कच्ची आहे. शिक्षिका वीस गुणांची चाचणी घेते, सर्वांत कमी गुण मिळालेली बारा मुले निवडते आणि सहा आठवडे त्यांना काड्यांचे गठ्ठे सोडून दशकाचे सुटे करायला शिकवते. पूर्वचाचणीत या बारा जणांची सरासरी ६ होती, उत्तरचाचणीत ती १४ झाली. यात लबाडी कुठेच नाही, पण ८ गुणांची ही सगळी वाढ गठ्ठ्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

पहिली गोम निवडीतच आहे. कोणत्याही चाचणीत मिळालेल्या गुणांत मुलाला जे येते ते असते, आणि त्या दिवसाचा योगायोगही असतो. कोणी तापातून उठून आलेला असतो, कोणी घाईत चिन्हच चुकीचे वाचतो. तळातली मुले निवडली की ज्यांचा तो दिवस वाईट गेला अशी मुले त्यांत हमखास जास्त येतात. याच मुलांची चाचणी काहीही न शिकवता पुन्हा घेतली, तरी त्यांची सरासरी थोडी वर सरकते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात, आणि कमकुवत मुलांवरच्या उपक्रमांचे कितीतरी अहवाल नकळत त्याचेच श्रेय घेतात. उपाय साधा आहे. पहिल्या चाचणीवरून मुले निवडावीत, उपक्रमाआधी तशीच दुसरी चाचणी घ्यावी आणि तुलना त्या दुसऱ्या गुणांशी करावी. वरच्या उदाहरणात दुसऱ्या चाचणीची सरासरी समजा ८.५ आली, तर गठ्ठ्यांचे श्रेय फार तर साडेपाच गुणांचे उरते.

तेही पूर्ण नाही. सहा आठवड्यांत मुलांचा नेहमीचा सराव चालूच असतो आणि बाईंचे जास्तीचे लक्षही त्यांना मिळते. म्हणून बारा जणांचे दोन गट करून एकाला आधी आणि दुसऱ्याला तीन आठवड्यांनी शिकवणे चांगले. प्रत्येक गटाचे गुण त्याची पाळी आल्यावरच वाढले, तर दावा बळकट होतो. दोन्ही गट बरोबरच वर गेले, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. उपक्रमापासून कोणालाही कायमचे वंचित ठेवावे लागत नाही, हा या रचनेचा मोठा फायदा. मात्र एकाच वर्गातली मुले सुट्टीत एकमेकांना शिकवतात, त्यामुळे ही तुलना कधीच काटेकोर नसते.

दुसरी गोम तपासणीत आहे. ५२ वजा २७ हे उदाहरण घ्या. एक मूल एककात लहान अंक मोठ्यातून वजा करते, म्हणजे ७ मधून २, आणि ३५ लिहिते. दुसरे मूल हातचा घेते, १२ मधून ७ वजा करते, पण दशकातला एक कमी करायला विसरते. त्याचेही उत्तर ३५ येते. पहिल्याला दशक म्हणजे काय हेच उमगलेले नाही, दुसरा जवळजवळ पोहोचला आहे, आणि शून्य दोघांनाही. ५३ वजा २७ दिले असते तर पहिल्याने ३४ आणि दुसऱ्याने ३६ लिहिले असते. चुकांचे प्रकार वेगळे पाडणारी उदाहरणे चाचणीत असतील, तर नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त कळते: लहान-मोठ्याची चूक गेली का, आणि तिच्या जागी दुसरी आली का. कागद नावे व तारखा झाकून, आधीचे-नंतरचे मिसळून सहकाऱ्याकडून तपासून घेतले, तर आपल्या मुलांना झुकते माप देण्याचा मोहही आटोक्यात राहतो.

शिक्षक-संशोधकाकडे मात्र असे काही असते जे बाहेरच्याला मिळणे अवघड. डेबोरा बॉल या अमेरिकी अभ्यासक मिशिगनमधल्या एका शाळेत स्वतः तिसरीला गणित शिकवत आणि त्याचाच अभ्यास करत. जानेवारी १९९० मध्ये शॉन नावाचा मुलगा म्हणाला की ६ ही संख्या सम आहे आणि विषमही, कारण ती तीन दोनांची बनते आणि तीन विषम आहे. मेई या मुलीने लगेच हरकत घेतली: मग १० सुद्धा तशीच म्हणावी लागेल! बॉल यांनी चूक दुरुस्त करून विषय मिटवला नाही. अशा संख्यांना मुलाचेच नाव मिळाले. तिसरीतली मुले व्याख्येवरून तर्काने वाद घालू शकतात, एवढाच दावा असेल तर एक वर्ग पुरेसा आहे, कारण घडू शकते हे दाखवायला एकदा घडलेले पुरते. बाईंचा निर्णय योग्य होता का, यावर पुढे इतर अभ्यासक वाद घालू शकले, कारण तासांची चित्रफीत, मुलांच्या वह्या आणि बाईंची रोजनिशी जपून ठेवलेली होती.

रचनाधारित संशोधनात हाच पेच मोठ्या प्रमाणावर येतो. ॲन ब्राउन आणि ॲलन कॉलिन्स यांनी १९९२ मध्ये या पद्धतीची मांडणी केली. शिकवण्याची एक रचना वर्गात आणायची, तिच्यामागचा अंदाज आधी लिहून ठेवायचा, काय होते ते पाहून रचना बदलायची आणि पुन्हा चालवायची. इथे नोंदींचे ढीग साचतात आणि त्यांतून मनाजोगते प्रसंग वेचणे फार सोपे असते. हा धोका ब्राउन यांनी स्वतःच बोलून दाखवला होता. म्हणून अहवाल वाचताना पाहावे की रचनेत बदल केव्हा आणि कशावरून केला, आणि अंदाज खोटा ठरवणारी मुले नोंदवली आहेत का. बारापैकी दोघे जिथल्या तिथे राहिले, तर त्या दोघांच्या वह्या हा अहवालाचा सर्वांत उपयोगी भाग असतो.

‘हे सगळीकडे चालेल’ हा दावा निर्माता हजर असेपर्यंत सिद्ध होत नाही. ॲनमारी पॅलिंक्सार आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये वाचन-आकलनाची जी पद्धत मांडली, तीत मुले आळीपाळीने शिक्षक होतात, प्रश्न विचारतात, सारांश सांगतात, अवघड जागा उलगडतात आणि पुढचा अंदाज बांधतात. पहिल्या अभ्यासात संशोधकाने स्वतः शिकवले. दुसऱ्यात तेच काम शाळेतल्या शिक्षकांवर सोपवले, आणि मुलांचे आकलन तिथेही सुधारले. पण पुढे पद्धत पसरली तेव्हा काही ठिकाणी चार पायऱ्यांचा नुसता पाढा उरला आणि मजकुरावरचे बोलणे हरवले. तेव्हा चांगला अहवाल हेही सांगतो की दुसऱ्या वर्गात रचनेतले काय बदलले तरी चालेल, आणि काय काढले तर ती पद्धत ती राहणार नाही.