न शिकवलेली कविता : परीक्षकाच्या अहवालातून

शिरपूरसारख्या गावात ‘परीक्षकाचा अहवाल’ या विषयावर इतके लोक जमतील असं वाटलं नव्हतं. समोर दहावी-बारावीची मुलंही दिसताहेत, म्हणून उदाहरण घेऊनच बोलतो.

उत्तरपत्रिका तपासून झाल्या की मुख्य परीक्षक एक अहवाल लिहितो. मुलं कुठे चुकली, हे त्यात असतं. केंब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षेचे असे अहवाल छापून येतात. तिथे इंग्रजी साहित्यात न शिकवलेल्या मजकुराची स्वतंत्र पत्रिका असते. वेळ सव्वा तास, गुण 25, कविता किंवा गद्य यांपैकी एक निवडायचं. त्यातली पहिली 20 मिनिटं वाचायला आणि उत्तराची आखणी करायला द्या, असं सुचवलेलं असतं. आपल्याकडे दहावीच्या कुमारभारतीत रसग्रहणाला 4 गुण, पण ओळी पाठ्यपुस्तकातल्या. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं हे तीन मुद्दे वर्गातच तयार होतात. हीच सवय घेऊन मूल अनोळखी कवितेसमोर बसलं की काय होतं, ते पाहू. आजच्यापुरत्या चार ओळी मीच जुळवल्यात. कवी म्हणून नाही, फळ्यावर लिहायला म्हणून.

आईनं उंबऱ्यात दिवा ठेवला
बाहेर पाऊस, आत पाऊस
बाबांची चप्पल तिनं
कोरडी जागा बघून ठेवली

आता पहिलं उत्तर. ‘आईने दिवा ठेवला. बाहेर व आत पाऊस पडत होता. मग तिने चप्पल ठेवली.’ हे कवितेचं गद्य झालं. मूल वाक्यामागून वाक्य सरकत जातं, पान भरतं, पण ओळीबद्दल स्वतःचं एकही विधान येत नाही. तपासताना मी एक खूण बघतो : परिच्छेदांची सुरुवात ‘त्यानंतर’, ‘पुढे कवी म्हणतो’ अशीच होत असेल, तर हे फक्त सांगणं आहे.

दुसरं उत्तर जरा हुशार मुलाचं. ‘“पाऊस” या शब्दाची पुनरुक्ती झाली आहे. अनुप्रास अलंकार आहे. यमक साधले आहे. त्यामुळे कवितेला गोडवा आला आहे.’ यमक कुठंय? नाहीच! सवयीनं लिहिलं गेलं. गोडवा तरी कुठला? घर गळतंय. अलंकार ओळखता आला, इथवर ठीक. पण ‘पाऊस’ दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा अर्थ बदलला का, हे विचारायला हवं होतं. बाहेरचा पाऊस आभाळातला. आतला छपरातून गळणारा असेल किंवा आईच्या डोळ्यांतला. शब्द तोच, म्हणून दोन्ही एकदम ऐकू येतात. एवढं लिहिलं असतं आणि अलंकाराचं नाव चुकलं असतं, तरी मी त्याला वरचा गुण दिला असता.

तिसऱ्या उत्तरापाशी मला थांबायचंय, कारण ते आपल्या भागातलं आहे. ‘या कवितेत शेतकऱ्याच्या आत्महत्येचे वर्णन आहे.’ आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या मुलानं असं लिहिलं तर हसण्यासारखं काही नाही. त्यानं ते बघितलेलं असतं. पण कवितेत शेत नाही, कर्ज नाही, मृत्यू हा शब्द नाही. वडील नसावेत, असा वास मात्र आहे. तो कुठून येतो? चप्पल घरात आहे, माणूस कुठेच दिसत नाही. दिवा उंबऱ्यात आहे, म्हणजे वाट बघणं आलं. हे दोन पुरावे देऊन ‘वडील कदाचित हयात नाहीत’ असं लिहिलं तर तो अर्थ टिकतो. ‘आहे’च्या जागी ‘असावेत’ आलं की उत्तर भित्रं होत नाही, काटेकोर होतं. थेट आत्महत्येवर उडी मारली की मात्र पुढच्या दोन पानांत शेतकऱ्यांच्या प्रश्नावर निबंध येतो आणि चप्पल राहून जाते.

हे गुण कापताना हात जड होतो, खोटं कशाला बोलू. पण निबंधाचा प्रश्न वेगळा असतो.

आणखी एक. शेवटची ओळ बहुतेकांकडून सुटते. वेळ संपत आलेला असतो. इथे सगळा भार ‘कोरडी’ या शब्दावर आहे. सगळं घर ओलं असताना एक कोरडी जागा उरलीय, आणि ती आईनं चपलेला दिली. त्या 20 मिनिटांत कविता दोनदा वाचून शेवटच्या ओळीखाली रेघ मारली, तर उत्तर लिहायला तिथूनच सुरुवात करता येते.

(श्रोत्यांतून एका शिक्षिकेचा प्रश्न : सर, मग बाबा आहेत की नाहीत?)

बाई, ओळी जुळवताना माझ्या मनात ते नुसते उशिरा येणारे होते, अनवाणी बांधावर गेलेले. काल घरी वाचून दाखवल्या तर बायको म्हणाली, ‘गेले ना हो ते?’ दोन्ही उत्तरं मी तपासली असती. चपलेपाशी थांबलेल्याला गुण.